ती. बाबा, कार्डांचे पैसे थकले आहेत

कर्ज आपल्या घरांना नवं नाही. सोसायटीचं पीककर्ज, पतसंस्थेचं कर्ज, घर बांधताना काढलेलं बँकेचं कर्ज, हे सगळं आईवडिलांनी केलेलं आणि फेडलेलं असतं. त्या कर्जांना जामीनदार लागायचे, सातबारा किंवा पगाराचा दाखला लागायचा, त्यामुळे कर्ज काढल्याची बातमी घरात असायचीच, भावकीतही पोचायची. क्रेडिट कार्डाला यातलं काहीच लागत नाही. मुलगा पुण्यात नोकरीला लागतो, पगार खात्यात जमा व्हायला लागतो आणि काही महिन्यांत बँकेचा फोन येतो. कार्ड खोलीवर येतं, बिल मोबाइलवर येतं. गावाकडे आईवडिलांना त्याची चाहूलही लागत नाही. म्हणून ही थकबाकी दोन-दोन वर्षं लपून राहू शकते, आणि लपून राहते तोवर वाढत राहते.

ती सांगायची वेळ येते तेव्हा बहुतेक मुलं फोन करतात आणि फोनवर आकडा कमी सांगतात. वडिलांचा आवाज चढला की दुसऱ्या कार्डाचा विषय तसाच राहून जातो. मग वडील सांगितलेली रक्कम भरतात, मुलाला चार गोष्टी सुनावतात आणि प्रकरण मिटलं असं समजतात. न सांगितलेलं कार्ड मात्र वाढतच असतं. वर्षभराने तोच प्रसंग पुन्हा येतो, आणि या वेळी पैशाबरोबर विश्वासही संपलेला असतो. म्हणून ही गोष्ट पत्रात सांगावी असं माझं ठाम मत आहे. कागदावरचा आकडा बोलताना बदलत नाही. आईवडिलांना तो पुन्हा वाचता येतो, राग ओसरल्यावर त्यावर विचार करता येतो. आणि पत्र लिहिण्यासाठी मुलाला आधी स्वतःचा हिशेब पुरा करावा लागतो, जो त्याने कित्येक महिने टाळलेला असतो.

उदाहरणासाठी एक घर घेऊ. माणसं कल्पित आहेत. हिशेब ज्या नियमांनी चालतो ते नियम खरे आहेत. वडील सांगली जिल्ह्यातल्या एका गावचे निवृत्त शिक्षक, आई घर सांभाळणारी. मुलगा पुण्यात खासगी नोकरीत, हातात येणारा पगार 46,000 रुपये. मधे एका कंपनीने अचानक काम थांबवलं आणि दोन महिने पगार नव्हता. तेव्हा घरभाड्यापासून किराण्यापर्यंत सगळं कार्डावर आणि मित्रांच्या उसनवारीवर चाललं. नवी नोकरी मिळाली तिथे लॅपटॉप स्वतःचा हवा होता, तोही कार्डावर आला. पहिल्या कार्डाचं लिमिट संपत आलं तसं दुसरं कार्ड घेतलं. एकदा तर दुसऱ्या कार्डावरून रोख काढून पहिल्याचं बिल भरलं. रोख काढली की शुल्क लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं, हे त्याला नंतर कळलं. आज पहिल्या कार्डावर 1,80,000 आणि दुसऱ्यावर 1,00,000, असे 2,80,000 रुपये थकले आहेत. या सगळ्या काळात तो घरी दरमहा 8,000 रुपये मात्र न चुकता पाठवत राहिला, कारण ते थांबले असते तर प्रश्न विचारले गेले असते.

पत्राकडे वळण्याआधी ही थकबाकी वाढते कशी ते नीट समजून घेऊ. आईवडिलांना याचा उलगडा झाला नाही, तर मुलाने एवढे पैसे उडवलेच असणार असं त्यांना वाटत राहतं.

आपल्याकडे बऱ्याच कार्डांचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला 42 टक्के. या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो. दोन्ही मिळून महिन्याला 4.13 टक्के होतात, वर्षाला जवळजवळ 50. याला कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली. आता आपल्या मुलाच्या 2,80,000 वर महिन्याचं व्याज होतं 9,800 आणि त्यावरचा जीएसटी 1,764. एकूण 11,564 रुपये. बिलावर किमान देय रक्कम लिहिलेली असते, ती अनेक बँका थकबाकीच्या 5 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. म्हणजे दोन्ही कार्डांची मिळून 14,000. मुलगा पोटाला चिमटा घेऊन 14,000 भरतो आणि त्यातून मूळ थकबाकी कमी होते फक्त 2,436 रुपयांनी.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार किमान रक्कम अशी ठरवावी लागते की ती भरल्यावर थकबाकी निदान फुगू नये. तरीही ती फुगते, कारण खर्च थांबलेला नसतो. मागच्या बिलातलं काही बाकी राहिलं की बिनव्याजी मुदत संपते. मग आज कार्डावर घेतलेल्या औषधांवरही आजपासूनच व्याज चालू होतं. ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. आपल्या मुलाचा महिना पाहा. भाडं 11,000, मेस आणि किराणा 8,000, प्रवास 4,000, फोन-वीज-इंटरनेट 2,000, घरी पाठवायचे 8,000. हे 33,000 गेले की 13,000 उरतात, आणि किमान भरायचे असतात 14,000. म्हणजे महिना सुरू होतानाच हजार रुपये कमी आहेत. मग दवाखाना, कपडे, गावी जायचं तिकीट हे सगळं कार्डावरच जातं. यात चैन कुठे नाही. पगार आणि खर्च यांचा मेळच बसत नाही आणि ती तूट 50 टक्क्यांच्या कर्जाने भरली जाते.

आता पत्र. मुलाने ते असं लिहावं असं मला वाटतं:

"ती. बाबा आणि आईस, सा. न. वि. वि.

हे पत्र दोघांनी एकत्र वाचा. माझी तब्येत बरी आहे, नोकरी चालू आहे, पोलीस किंवा कोर्टाची काही भानगड नाही. विषय पैशाचा आहे.

माझ्यावर दोन क्रेडिट कार्डांचे मिळून 2,80,000 रुपये थकले आहेत. एका कार्डावर 1,80,000 आणि दुसऱ्यावर 1,00,000. याशिवाय एका मित्राचे 6,000 देणं आहे. यापलीकडे माझं कुठलंही कर्ज नाही. मोबाइलवरच्या ॲपवरून मी कधी पैसे घेतलेले नाहीत. माझ्या नावावर कोणकोणती कर्जं आहेत ते दाखवणारा सिबिलचा अहवाल आणि दोन्ही कार्डांची गेल्या सहा महिन्यांची बिलं सोबत जोडली आहेत. बाबा, तुम्ही ती ताडून पाहा.

मागची नोकरी गेली ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. दोन महिने पगार नव्हता. तेव्हा कार्डावर राहिलो, मग लॅपटॉप घेतला, आणि त्यानंतर पूर्ण बिल कधीच भरता आलं नाही. दर महिन्याला 14,000 भरतो, त्यातले साडेअकरा हजार व्याजात जातात. आजपर्यंत एकही तारीख चुकलेली नाही. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत चुकेल असं दिसतं, म्हणून आता लिहितो आहे. आधीच सांगायला हवं होतं. तुम्हाला खोटं सांगत पैसे पाठवत राहिलो याचं वाईट वाटतं.

मी काय ठरवलं आहे ते सांगतो. पहिल्या कार्डाच्या बँकेशी बोललो आहे. 1,80,000 चे 24 हप्ते करून देतात, व्याज वर्षाला 16 टक्के. जीएसटी धरून हप्ता सरासरी नऊ हजार दोनशेच्या आत येतो. तारीख चुकली तर ही सवलत मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. ते कार्ड मी कपाटात ठेवलं आहे आणि त्यावरचे सगळे व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद केले आहेत.

दुसऱ्या कार्डाच्या 1,00,000 साठी तुमची मदत हवी आहे. आई, मी पाठवतो त्यातून तू माझ्या नावाने पैसे साठवतेस हे मला माहीत आहे. तुझ्या नावावर 1,20,000 ची एफडी आहे, ती मोडू नकोस. तिच्यावर तुला बँकेतून 1,00,000 चं कर्ज मिळेल, एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक टक्का जास्त दराने. ते पैसे माझ्या खात्यात पाठवू नका, थेट कार्डाच्या खात्यात भरा. कसे भरायचे ते बाबांना फोनवर सांगेन. तुझ्या कर्जाचा 7,000 चा हप्ता मी दर महिन्याच्या 3 तारखेला पाठवीन. सोळा महिन्यांच्या आत ते फिटेल. पैसे भरले की मी ते कार्ड बंद करीन आणि बंद झाल्याचा कागद तुम्हाला पाठवीन.

या सोळा महिन्यांत घरी 8,000 पाठवता येणार नाहीत. हे मागायला जड जातं आहे. यामुळे घरात अडचण होणार असेल तर स्पष्ट सांगा, मग मी दुसरा मार्ग शोधेन.

बाबा, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तुम्हाला दोन्ही खात्यांचे आकडे वाचून दाखवीन. तुम्ही विचाराल त्याचं उत्तर देईन. मधल्या काळात घराचा रंग, गाडी आणि माझ्या लग्नाची बोलणी थांबवावीत अशी विनंती आहे. नातेवाइकांना सांगायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. रागवाल हे माहीत आहे. रागवा, पण हे पैसे एकदम भरून टाकू नका. मला ते फेडायचे आहेत.

आईला नमस्कार.
तुमचा मुलगा"

या पत्रात माफी एका ओळीत आहे आणि हिशेब चार परिच्छेदांत. ते मुद्दाम तसं आहे. आईवडिलांना पश्चात्तापाच्या दोन पानांचा उपयोग नसतो. एकूण किती, अजून काही लपलंय का आणि आम्ही काय करायचं, हे त्यांना कळायला हवं असतं.

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात अवघड. 'यापलीकडे काही नाही' या वाक्यावर आईवडिलांनी विश्वास ठेवावा तरी कसा? त्यासाठी अहवाल. देशात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत. त्या प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात आपल्या नावावरचं प्रत्येक कार्ड, प्रत्येक कर्ज, त्याची बाकी आणि चुकलेल्या तारखा दिसतात. मित्रांची उसनवारी किंवा सावकाराचे पैसे त्यात दिसत नाहीत, म्हणून ते मुलाने वेगळे लिहावे, पत्रातल्या 6,000 सारखे. आईवडिलांनीही हा अहवाल मागायला संकोचू नये. तो मागितला म्हणजे अविश्वास दाखवला असं होत नाही. घर घेताना आपण सर्च रिपोर्ट मागतोच.

आता पत्रातली योजना तपासू. समजा कुणीच मदत केली नाही, पण मुलाने कार्ड वापरणं पूर्ण थांबवलं आणि दरमहा 14,000 भरणं चालू ठेवलं, तर थकबाकी फिटायला 43-44 महिने लागतात आणि भरलेली रक्कम सहा लाखांच्या वर जाते. म्हणजे 2,80,000 साठी सव्वातीन लाख जादा. आणि जर तो बिलावर येईल तेवढीच किमान रक्कम भरत गेला, तर हाल याहून वाईट. थकबाकी जशी कमी होते तशी बँक किमान रक्कमही कमी करत जाते, त्यामुळे कर्ज नुसतं निम्मं व्हायलाच साडेसहा वर्षं लागतात. कुठल्याही मदतीविना करता येईल अशी एकच सुधारणा असेल तर ती ही: आज जी रक्कम भरता आहात ती बिलातली किमान रक्कम घटली तरी घटवू नका.

पत्रातल्या योजनेत पहिल्या कार्डावर दोन वर्षांत व्याज आणि जीएसटी मिळून साधारण 37,000 जातील आणि आईच्या कर्जावर साडेपाच हजारांच्या आत. हप्ते करून देताना बँक एकदा प्रक्रिया शुल्क घेते ते वेगळं. म्हणजे सव्वातीन लाखांच्या जागी चाळीस-पंचेचाळीस हजार. महिन्याचा मेळही बसतो. घरी पाठवायचे 8,000 थांबले की पगारातून 21,000 उरतात, दोन्ही हप्त्यांचे 16,200 गेले तरी 4,800 हातात राहतात. दवाखाना आणि तिकीट यांसाठी कार्डाकडे हात जाऊ नये यासाठी हे 4,800 फार महत्त्वाचे आहेत. फेडीची योजना मोडते ती बहुतेक वेळा इथेच. माणूस उत्साहात सगळा उरलेला पगार हप्त्यात घालतो, मग तिसऱ्या महिन्यात दात दुखतो आणि कार्ड पुन्हा बाहेर येतं.

घरी पाठवायचे पैसे थांबवणं मुलाला जितकं लाजिरवाणं वाटतं तितकंच ते आवश्यक आहे. आई ते पैसे बँकेत टाकत होती, तिथे सात टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं. मुलगा तेच पैसे पाठवण्यासाठी 50 टक्क्यांनी कर्ज वाढवत होता. घरातल्या दोन माणसांनी एकमेकांसाठी केलेली ही तोट्याची बचत केवळ न बोलल्यामुळे चालू होती.

एफडी मोडली तर काय? हिशेबाने पाहिलं तर मोडणं आणि तिच्यावर कर्ज काढणं यात फार फरक नाही. मुदतीआधी मोडली तर बँका व्याजदरात साधारण एक टक्क्याची कपात करतात, कर्ज काढलं तर एफडीच्या दरापेक्षा तेवढंच जास्त व्याज द्यावं लागतं. तरी मी कर्जाच्या बाजूने आहे. मोडलेली एफडी पुन्हा होत नाही. कर्जाला हप्ता असतो, तारीख असते आणि ते आईच्या नावावर आहे याची मुलाला जाणीव असते. शिवाय आईवडिलांची झळ एक लाखापुरतीच राहते. पूर्ण 2,80,000 त्यांच्या म्हातारपणाच्या पैशातून भरणं मला पटत नाही, मुलाची नोकरी चालू असताना तर नाहीच. आणखी एक गोष्ट हमखास घडते. आई पाटल्या काढून देते. सोनेतारण कर्जाचा दर कार्डापेक्षा पुष्कळ कमी असतो हे खरं, पण मुदतीत फेडलं नाही तर दागिन्यांचा लिलाव होतो. इतर मार्ग खुले असताना पाटल्यांना हात लावू नये.

पैसे थेट कार्डाच्या खात्यात भरा, हे वाक्य कुणाला टोचेल. पण थकलेल्या माणसाच्या बचत खात्यात आलेले लाख रुपये चार दिवसांत भाड्याला, उसनवारीला, कुठल्या तरी निकडीला वाटले जातात, आणि कार्डावर पोचतात सत्तर-ऐंशी हजार. कार्डाचं बिल कुठल्याही बँकेच्या खात्यातून ऑनलाइन भरता येतं.

त्यानंतर कार्ड बंद करणं. शून्यावर आलेलं कार्ड 'असू दे, लागेल कधी' म्हणून ठेवलं की वर्षभरात ते पुन्हा भरतं. बाकी शून्य असताना कार्डधारकाने बंद करायची विनंती केली, तर बँकेला कामकाजाच्या सात दिवसांत ते बंद करावं लागतं. उशीर झाला तर बँकेने कार्डधारकाला दिवसाला 500 रुपये दंड द्यायचा असतो. हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. विनंती ईमेलने किंवा ॲपवरून करावी, म्हणजे तारीख नोंदली जाते. ज्या कार्डावर हप्ते चालू आहेत ते लगेच बंद होत नाही आणि हप्ते फिटत जातात तसं त्याचं लिमिट पुन्हा मोकळं होत जातं. म्हणून बँकेला लिमिट कमी करायला सांगावं आणि ऑनलाइन, दुकानातले, परदेशातले सगळे व्यवहार बंद ठेवावेत. ही बंद-चालूची सोय प्रत्येक बँकेला द्यावीच लागते. कार्डावर लावलेली मोबाइलची, सिनेमांच्या ॲपची दरमहाची वर्गणी असेल तर तीही काढून टाकावी.

पत्र वेळेत लिहिण्याला एवढं महत्त्व का, ते पत्रातल्याच एका ओळीत आहे: आजपर्यंत एकही तारीख चुकलेली नाही. तारखा पाळणाऱ्या ग्राहकाला बँक हप्ते करून देते, दुसरी बँक 14-15 टक्क्यांनी वैयक्तिक कर्जही देऊ शकते. तारखा चुकू लागल्या की हे दरवाजे बंद व्हायला लागतात. तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला की विलंब शुल्क लागतं आणि थकल्याची नोंद पतमाहिती कंपनीकडे जाऊ शकते. किमान रक्कमही 90 दिवस भरली गेली नाही तर खातं बुडीत धरलं जातं. मग वसुलीचे फोन सुरू होतात आणि काही महिन्यांनी सेटलमेंटचा प्रस्ताव येतो: निम्मे भरा आणि मोकळे व्हा. तो स्वीकारला तर अहवालात 'पूर्ण फेडलं' ऐवजी 'तडजोड केली' अशी नोंद पडते, आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना बँका ती पाहून नकार देतात. नोकरीच गेली असेल, उत्पन्नच नसेल, तर सेटलमेंट हा शेवटचा मार्ग म्हणून ठीक आहे. पगार चालू असलेल्या मुलाने केवळ रक्कम कमी होते म्हणून तो घेऊ नये.

वसुलीच्या फोनबद्दल आईवडिलांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात, कारण अशा वेळी त्यांनाच घाबरवलं जातं. मुलाच्या कार्डाचे पैसे देण्याची जबाबदारी आईवडिलांवर येत नाही, ते जामीन राहिले नसतील तर. त्यांनी मदत केली तर ती मायेपोटी, कायद्याने बांधील म्हणून नाही. दुसरं म्हणजे वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. कार्डधारकाच्या कुटुंबाला, मित्रांना त्रास देणं, चारचौघांत अपमान करणं, धमकावणं यालाही मनाई आहे. असा फोन आला तर नंबर, वेळ आणि बोललेलं वहीत लिहून ठेवा आणि मुलामार्फत आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.

पत्र वाचून वडील काय म्हणतील याच्या भीतीने अनेक मुलं ते लिहीत नाहीत. ही भीती निराधार नाही. तीस वर्षं पगारात भागवलेल्या माणसाला, दोन महिन्यांच्या बेकारीतून पावणेतीन लाख कसे झाले हे समजत नाही. त्यांच्या आयुष्यात 50 टक्के दराचं कर्ज सावकारानेच दिलेलं असतं, बँकेने नाही. म्हणून माझी वडीलमंडळींना विनंती आहे, की बिलं पुढे घ्या आणि प्रत्येक महिन्याच्या बिलात खरेदी किती आणि व्याज, कर, शुल्क किती हे पेन्सिलीने वेगळं लिहा. सहा महिन्यांची बेरीज केलीत की मुलाने किती खर्च केला आणि किती रक्कम व्याजानेच वाढली हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. खरेदीचा आकडा खरोखरच मोठा निघाला, त्यात ऑनलाइन जुगाराचे किंवा शेअर बाजारातल्या सट्ट्याचे व्यवहार दिसले, तर वरची योजना त्याला लागू नाही. तिथे आधी ती सवय थांबवण्यासाठी मदत घ्यावी लागेल आणि तोवर एफडीवरचं कर्ज काढू नये.

असं पत्र तुमच्या घरी आलं, तर त्याच दिवशी एवढंच कळवा: वाचलं, रविवारी फोनवर बसून हिशेब करू. आणि ज्या मुलाला हे पत्र लिहायचं आहे त्याने ते पुढच्या बिलाच्या शेवटच्या तारखेआधी टाकावं. हप्ते करून घ्यायची सवलत त्या तारखेपर्यंतच हातात आहे.